स्लिप रोडवर गॅप शोधायची, लेन संपते तिथे पाळी धरायची

प्रश्न: पुण्यात नऊ वर्षं गाडी चालवली. आठ महिन्यांपूर्वी इंग्लंडमध्ये आले, इथे भारतीय लायसन्सवरच चालवते. गावात काही त्रास नाही, पण मोटरवेला लागताना स्लिप रोडच्या टोकाशी पाय आपोआप ब्रेकवर जातो. दोनदा तर थांबलेच, मागच्याने हॉर्न मारला. दुसरं म्हणजे, रस्त्याच्या कामापाशी एक लेन बंद होते तिथे रिकाम्या लेनमधून पुढे जाऊन घुसायचं की आधीच रांगेत लागायचं? नवरा म्हणतो पुढे जा, मला ते घुसखोरी वाटते.

उत्तर:

तुमचा पाय ब्रेकवर जातो त्यात तुमची चूक कमी आणि सवयीची जास्त आहे. कात्रज-देहूरोड बाह्यवळणावर सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्याला लागताना आपण काय करतो? वेग धरायला जागाच नसते. दुभाजकातली एक चिंचोळी वाट असते, समोरून उलट्या दिशेने एखादी दुचाकी येत असते. म्हणून आपण थांबतो, मान वळवून बघतो, गाडीचं नाक थोडं आत घालतो आणि कुणीतरी दबेल याची वाट बघतो. तिथे ते बरोबरच आहे. इथला स्लिप रोड मात्र धावपट्टीसारखा असतो. विमान धावपट्टीच्या टोकाशी थांबून उडायचं म्हणालं तर जे होईल, तेच टोकाशी थांबलेल्या गाडीचं होतं.

तुमचे प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत, आणि लोक नेमके तिथेच गोंधळतात. वाहतूक जोरात वाहत असेल तर तुम्हाला कुणी जागा देणं लागत नाही, ती तुम्ही वेग जुळवून शोधायची. वाहतूक रांगत असेल तर जागा शोधायची नसते, पाळी धरायची असते. ब्रिटिश हायवे कोडमध्येही हे दोन वेगळे नियम आहेत. २५९ वा मोटरवेला लागण्याचा आहे: मोटरवेवरच्या वाहनांना प्राधान्य द्या, त्यांच्या वेगाशी आपला वेग जुळवा आणि डाव्या लेनमध्ये शिरा. १३४ वा लेन संपते तिथला आहे: आळीपाळीने शिरावं, पण वेग अगदी कमी असेल आणि तसं करणं सुरक्षित असेल तरच. जास्त वेगात आळीपाळी करू नये असंही तिथे स्पष्ट लिहिलंय. हे दुसरं वाक्य तुमच्या यजमानांना वाचून दाखवा. पहिल्या वाक्यावर मात्र ते जिंकतात.

आधी स्लिप रोड.

इथल्या बऱ्याच जंक्शनांवर मोटरवेच्या वर पूल आणि पुलावर राउंडअबाउट असतो. म्हणजे तुम्ही वरून खाली उतरत मोटरवेला लागता. या उताराचे दोन फायदे आहेत. एक, गाडीला वेग धरायला मदत होते. दोन, पुलावर असतानाच खाली नजर टाकता येते: डाव्या लेनमध्ये ट्रकांची माळ लागली आहे की मोकळं आहे, सगळं वाहतंय की तुंबलंय. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पुलावरच विचारतो, "खाली काय दिसलं?" उत्तर आलं नाही तर आणखी एक फेरी मारायला लावतो. राउंडअबाउटला फेरी फुकट असते.

उतरणीला लागलात की तिसरा गिअर ठेवा आणि ॲक्सिलरेटर नीट दाबा. अगदी नीट. भारतातून आलेले बहुतेक लोक इथेच कमी पडतात. इंजिनाचा आवाज वाढला की त्यांना वाटतं गाडीवर अत्याचार होतोय, मग ते चौथा टाकतात आणि गाडी रेंगाळते. ऑटोमॅटिक असेल तर पेडल खोल दाबा, ती स्वतः गिअर खाली घेईल. स्लिप रोड आणि मोटरवे यांच्यामध्ये तिरक्या पांढऱ्या पट्ट्यांचा एक त्रिकोण असतो, त्याला सलग रेघेची कड असते. ती रेघ ओलांडायची नाही. त्रिकोणाचं टोक संपलं की तुटक रेघ सुरू होते, रात्री तिथे जमिनीत बसवलेले हिरवे परावर्तक हेडलाइटच्या उजेडात चमकतात. शिरायची जागा ती. त्या टोकापाशी पोचताना तुमचा वेग डाव्या लेनच्या वेगाइतका झालेला हवा, तिथून वाढवायला सुरुवात करून चालत नाही.

डाव्या लेनचा वेग साधारण ट्रक ठरवतात. इथल्या मोठ्या ट्रकांना यंत्रानेच ताशी ५६ मैलांची मर्यादा घातलेली असते, म्हणजे ९० किलोमीटर. कारला मोटरवेवर ७० मैलांपर्यंत परवानगी आहे. तेव्हा ५५ ते ६० मैल हा आकडा डोक्यात ठेवा.

तो आकडा एवढा महत्त्वाचा का, ते एका हिशोबाने बघू. समजा, तुम्ही ४० मैलांनी आत शिरलात आणि मागे ५० मीटरवर ५६ ने येणारा ट्रक आहे. ५६ मैल म्हणजे सेकंदाला २५ मीटर, ४० म्हणजे १८ मीटर. ट्रक दर सेकंदाला सात मीटरनी तुमच्याजवळ येतोय. छोट्या कारला ४० वरून ५६ वर जायला सहा सेकंद लागतात असं धरू. तोवर वेगातला फरक कमी होत जातो, म्हणून सरासरी साडेतीन मीटर धरले तर सहा सेकंदांत ट्रक २१ मीटर जवळ येतो. उरले २९ मीटर, म्हणजे त्याच्या वेगाने जेमतेम सव्वा सेकंद. ४४ टनांपर्यंतचं धूड तुमच्या डिकीपासून सव्वा सेकंदावर. हेच तुम्ही ५६ ने शिरला असता तर ५० मीटर ५० च राहिले असते, दोन सेकंदांचं अंतर, जे हायवे कोडला कोरड्या रस्त्यावर किमान हवं असतं. गॅप तीच, ट्रक तोच. हळू शिरणं म्हणजे जपून शिरणं ही समजूत या हिशोबात टिकत नाही.

आता बघायचं कसं. वेग वाढवत असतानाच उजव्या आरशात एक नजर, इंडिकेटर सुरू, आणि टोकाच्या जरा आधी उजव्या खांद्यावरून चटकन एक कटाक्ष. आरशात न दिसणारी कार नेमकी तिथेच असते. कटाक्ष म्हणजे कटाक्षच, मान वळवून टक लावून बघणं नाही. तुम्ही सेकंदभर मागे बघता तेव्हा २५ मीटर पुढे गेलेले असता, आणि पुढचा थांबलेला असू शकतो.

स्लिप रोडवर होणाऱ्या धडकांपैकी मी स्वतः पाहिलेल्या बहुतेक या प्रकारच्या आहेत. मोटरवेवरच्या गाडीला धडकणं क्वचित, स्लिप रोडवरच्याच पुढच्या गाडीला मागून ठोकणं नेहमीचं. पुढचा घाबरून थांबतो, मागचा उजवीकडे मान वळवून गॅप मोजत असतो आणि "तो गेलाच असेल" असं धरून चालतो. तुम्ही दोनदा थांबलात तेव्हा मागच्याने हॉर्न मारला, म्हणजे तो बघत होता. म्हणून स्लिप रोडवर पुढे गाडी असेल तर उतरणीच्या सुरुवातीलाच तिच्यापासून भरपूर अंतर ठेवा. ती अडखळली तरी तुमची धावपट्टी शिल्लक राहते.

गॅप निवडताना ट्रकच्या पुढे जायचा मोह टाळून मागे शिरायची सवय लावा. ट्रक एकाच वेगाने चालतो, त्यामुळे त्याच्या मागची जागा कुठे असेल ते आधीच कळतं. शिवाय इथल्या ट्रकचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याला त्याच्या डाव्या पुढच्या कोपऱ्याजवळचं नीट दिसत नाही, आणि स्लिप रोडवरून येणारी कार बरोब्बर त्या कोपऱ्यात असते. तुम्ही त्याच्या दाराच्या रेषेत असाल तर तो तुम्हाला जागा देत नाहीये असं समजू नका. बहुधा त्याला तुम्ही दिसतच नाही. ॲक्सिलरेटर किंचित सोडा, त्याला जाऊ द्या, मागे शिरा. शिरताना स्टिअरिंग जेमतेम हलवायचं. सहाआठ सेकंदांत तिरकं सरकत जायचं, उडी मारायची नाही. मग इंडिकेटर बंद करा आणि डाव्या लेनमध्येच थोडं चाला. शिरल्याशिरल्या मधल्या लेनकडे धावू नका, या वेगाची डोळ्यांना सवय व्हायला अर्धं मिनिट तरी लागतं.

नीट जमलं की नाही ते मागच्या आरशात दिसतं. शिरल्यावर मागच्या गाडीचं नाक खाली झुकलं असेल तर तुम्ही तिला ब्रेक मारायला लावलंत. नाक सरळ असेल तर जमलं. कुणी हॉर्न मारो न मारो, ही परीक्षा खरी.

इथे हेडलाइटबद्दल सांगायलाच हवं, कारण आपल्याकडच्या माणसाची यात हमखास फसगत होते. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे "मी येतोय, आत येऊ नकोस." इथे ट्रकवाला दिवा उघडझाप करतो तेव्हा त्याला बहुधा "ये, जागा दिली" म्हणायचं असतं. अगदी उलट. सुरुवातीची दोन वर्षं मी असे दिवे बघून थबकायचो, आणि तो बिचारा आणखी हळू होत जायचा. पण म्हणून त्याच्यावर विसंबूनही राहू नका. हायवे कोडच्या मते हेडलाइट फ्लॅश करण्याचा अर्थ "मी इथे आहे" एवढाच. दिवा दिसला तरी आरसा आणि खांद्यावरचा कटाक्ष चुकवायचा नाही.

गॅप मिळालीच नाही तर? वाहतूक वाहती असेल तर असं फार क्वचित होतं, कारण बरेच लोक तुम्हाला बघून मधल्या लेनमध्ये सरकतात. सरकणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, हे मात्र लक्षात असू द्या. मधली लेन भरलेली असेल तर ते सरकू शकत नाहीत आणि प्राधान्य त्यांचंच आहे. अशा वेळी वेग लवकर कमी करा, टोकाला जाऊन नाही. थांबावंच लागलं तर तुटक रेघेच्या सुरुवातीच्या बाजूला थांबा, म्हणजे पुन्हा वेग धरायला समोर रस्ता उरेल. टोकाला थांबणाऱ्याला शून्यातून थेट ९० किलोमीटरच्या प्रवाहात उडी घ्यावी लागते. हार्ड शोल्डरवरून, म्हणजे कडेच्या आणीबाणीसाठीच्या पट्टीवरून, पुढे पळत राहणं तर बंदच.

दोन अपवाद. कधीकधी स्लिप रोड संपतच नाही, तोच मोटरवेची नवी डावी लेन होतो. आधी तसा फलक असतो. तिथे काही शोधायचं नाही, सरळ चालत राहायचं. उगाच घाईने उजवीकडे घुसणारे तिथे विनाकारण धोका पत्करतात. दुसरा अपवाद जुन्या ए-रस्त्यांचा, म्हणजे मोटरवे नसलेल्या मुख्य रस्त्यांचा. एसेक्समधल्या ए-१२ वर काही स्लिप रोड इतके आखूड आहेत की वेग धरायच्या आत संपतात. आणि एखाद्या ठिकाणी टोकाला आडवी तुटक दुहेरी रेघ असेल तर तिथे आपली पुण्याची पद्धतच बरोबर: वेग कमी करायचा, गरज पडली तर थांबायचं, आणि चांगली मोठी जागा मिळाल्यावर जोरात निघायचं. रेघ बघितल्याशिवाय नियम लावू नका.

आता तुमच्या घरातलं भांडण.

रस्त्याच्या कामाआधी ८००, ४००, २०० यार्डांवर फलक येतात, त्यांवर कुठली लेन संपणार ते काढलेलं असतं. मग नारंगी कोनांची तिरकी ओळ ती लेन हळूहळू खाऊन टाकते. इंग्लंडमध्ये बरेच लोक पहिला फलक दिसताच एका लेनमध्ये रांग लावतात आणि दुसरी लेन मैलभर रिकामी राहते. त्या रिकाम्या लेनमधून जाणारा त्यांना रांग मोडणारा वाटतो. रांगेच्या बाबतीत हा देश किती हळवा आहे ते तुम्हाला आठ महिन्यांत कळलंच असेल.

पण हिशोब करून बघा. समजा, १२० गाड्या तुंबल्या आहेत आणि गाडी अधिक पुढचं अंतर मिळून प्रत्येकीला आठ मीटर लागतात. एका लेनमध्ये ही रांग ९६० मीटर होते, दोन्ही लेन वापरल्या तर ४८०. अरुंद जागेतून दर अडीच सेकंदांना एक गाडी सुटते असं धरलं तर शेवटची गाडी दोन्ही प्रकारांत पाच मिनिटांनीच बाहेर पडते. म्हणजे दोन्ही लेन वापरल्याने सगळ्यांचा वेळ वाचतो असं जे सांगतात ते जरा जास्त सांगतात. त्या अरुंद जागेची रुंदी बदलत नाही. फायदा दुसरीकडे आहे. निम्मी रांग म्हणजे तिची शेपटी मागच्या जंक्शनपर्यंत पोचत नाही, आणि ज्यांना या कामाच्या बाजूला यायचंच नव्हतं ते अडकत नाहीत. दुसरं, दोन्ही लेन सारख्याच हळू चालतात. एक लेन ठप्प आणि शेजारची ५० ने धावतेय, मग ठप्प लेनमधला कुणीतरी वैतागून बाहेर पडतो, हा तिथला खरा धोका आहे.

म्हणून वाहतूक रांगत असेल तर यजमान बरोबर आहेत: शेवटपर्यंत आपल्या लेनमध्ये राहा. "दोन्ही लेन वापरा" किंवा "आळीपाळीने शिरा" असा फलक असेल तर शंकाच नको. फक्त ती लेन मोकळी आहे म्हणून भरधाव जाऊ नका. शेजारची रांग दहा मैलांनी सरकत असेल तर तुम्ही वीसच्या आसपास. रांगेतून अचानक कुणी बाहेर आलं तर थांबता आलं पाहिजे.

पुढे काय करायचं ते दप्तराच्या चेनसारखं आहे. चेन ओढताना एक दात इकडचा, एक तिकडचा बसतो. एका बाजूचे दोन लागोपाठ बसले की चेन अडकते. कोनांची ओळ जवळ आली की शेजारच्या रांगेतली एक गाडी निवडा, मनात म्हणा "हिच्या मागे मी." तिच्या वेगाने चाला, इंडिकेटर द्या, तिचं मागचं चाक तुमच्या पुढे गेलं की सरका. मागचा साधारण जागा ठेवतोच. नाही ठेवली तर त्याच्या मागचा ठेवेल. पहिल्याशी बंपर लढवत बसू नका. लेन बदलणारे तुम्ही असता, धडक झाली तर आधी बोट तुमच्याकडेच दाखवलं जातं. आत आलात की हात वर करून आभार माना, इथे त्याची किंमत आहे.

तुम्ही चालू राहणाऱ्या लेनमध्ये असाल तर पुढे एकाला घ्या. एकालाच. दयाळूपणे तिघांना घेतलंत तर तुमच्या मागचे चिडतात आणि पुढच्याला कुणीच घेत नाही. एकालाही न घेता पुढच्याच्या बंपरला चिकटलात तर शेजारचा टोकाला अडकतो आणि शेवटी शून्य वेगाने घुसतो, त्यात सगळ्यांची अडीच सेकंदांची लय बिघडते. कधी एखादा ट्रकवाला दोन्ही लेनच्या मधोमध चालून "घुसखोर" अडवायला बघतो. ते त्याचं काम नाही, पण त्याच्या बाजूने निसटायचा प्रयत्न तुम्ही करू नका.

हेच सगळं ५०-६० मैलांनी वाहणाऱ्या रस्त्यावर करायचं नाही. दुपदरी रस्ता राउंडअबाउटनंतर काही अंतरावर एकपदरी होतो तिथे गाड्या वेगात असतात. तिथे शेवटच्या कोनापर्यंत जाऊन पाळीची अपेक्षा करणं म्हणजे शेजारच्याला ब्रेक मारायला लावणं. तिथे लेन संपणं हाही एक स्लिप रोडच समजा: फलक दिसताच आरसा, वेग जुळवा, चांगली गॅप आली की लवकर शिरा. "अगदी कमी वेग" म्हणजे किती, हा आकडा हायवे कोड देत नाही. मी शिकवताना २० मैल धरतो. त्याच्या वर शोधायचं, त्याच्या खाली पाळी धरायची. मधल्या अवस्थेत, म्हणजे ३० ने चाललंय आणि पुढे ब्रेकचे लाल दिवे लागायला लागलेत, तेव्हा मी आहे त्या लेनमध्ये राहून वेग पडायची वाट बघतो.

जर्मनीत तुमचं कुणी असेल तर तिथे चेनची पद्धत वाहतूक कायद्यातच लिहिलेली आहे, अरुंद जागा सुरू होण्याच्या अगदी आधी आळीपाळीने शिरायचं. पण तिथेही ऑटोबानला लागताना हा नियम चालत नाही. मुख्य रस्त्यावरच्याला प्राधान्य. तिथे गेलेले आपले लोक स्लिप रोडवरून येताना "माझी पाळी" म्हणत घुसतात आणि शिव्या खातात.

भारतीय लायसन्सवर तुम्हाला इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालवता येतं, म्हणजे तुमच्याकडे चार उरलेत. इथलं लायसन्स काढायला प्रशिक्षक गाठालच, तर त्याला पहिला तास मोटरवेवरच घ्यायला सांगा. जून २०१८ पासून शिकाऊ चालकांनाही मान्यताप्राप्त प्रशिक्षकाबरोबर, दुहेरी ब्रेकच्या गाडीत मोटरवेवर जाता येतं. रविवारी सकाळी सात वाजता दोन जंक्शनांमध्ये फेऱ्या मारा: उतरा, शिरा, पुढच्या जंक्शनला बाहेर पडा, पुलावरून वळा, परत शिरा. तासाभरात दहाबारा वेळा होतं. माझ्या अनुभवात पाचव्या-सहाव्या खेपेला पाय ब्रेकवर जायचा थांबतो.